एकतर्फी घटत्या सिग्नलचं फोरियर ट्रान्सफॉर्म: वहीतल्या सूत्रापासून स्कोपवरच्या घंटेपर्यंत

फोरियर ट्रान्सफॉर्म शिकवायला घेतलं की वहीत पहिलं सोडवलेलं उदाहरण बहुतेक वेळा हेच असतं. शून्य सेकंदाला सिग्नल एकदम वर उडी मारतो आणि मग घसरत घसरत शून्याकडे जातो. उत्तर तीन ओळींत येतं, म्हणून ते पाठ होतं आणि तिथंच सोडलं जातं. घोळ होतो तो तोच सिग्नल प्रत्यक्ष सर्किटमधून काढून त्याचा घंटेच्या आकाराचा स्पेक्ट्रम बघायची वेळ येते तेव्हा.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात कंट्रोल पॅनेलच्या टेस्टिंगचं काम करतो. राजारामपुरीत खोल्या घेऊन राहणारी इंजिनिअरिंगची पोरं रविवारी आमच्या बेंचवर मिनी प्रोजेक्ट घेऊन येतात, आणि या विषयावर त्यांचं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, घंटा तर आली, पण आकडा जुळंना." आकडा का जुळत नाही याची कारणं मोजकीच आहेत आणि दरवर्षी तीच असतात. ती क्रमाने खाली देतो. एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू, म्हणजे प्रत्येक पायरीवर तुमचा आकडा माझ्या आकड्याशी ताडून बघता येईल.

काय काय लागेल

- १० किलोओहमचा रेझिस्टर (पट्टे तपकिरी, काळा, नारिंगी आणि शेवटी सोनेरी)
- ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (अंगावर `104` छापलेला)
- ब्रेडबोर्ड, फंक्शन जनरेटर, आणि सीएसव्ही फाइल सेव्ह करणारा डिजिटल स्कोप
- पायथॉन, त्यात नमपाय आणि मॅटप्लॉटलिब
- कागद-पेन, पहिल्या चार पायऱ्यांना एवढंच पुरतं

स्कोप हाताशी नसेल तरी सहाव्या पायरीपर्यंत काही अडत नाही.

## १. सिग्नल नक्की कोणता ते आधी लिहा

आपला सिग्नल असा:

```
x(t) = e^(-at) u(t),   a > 0
```

यातला `u(t)` म्हणजे युनिट स्टेप: शून्याच्या आधी शून्य, नंतर एक. बरेच जण तो शोभेला लावल्यासारखा लिहितात आणि पुढच्या ओळीत गाळतात. तो गाळला तर ट्रान्सफॉर्म अस्तित्वातच नाही. `e^(-at)` मागच्या काळात, म्हणजे `t` ऋण असताना, वाढतच जातो, आणि उणे अनंतापासून इंटिग्रल घेतलं तर ते फुटतं. `u(t)` ने मागची बाजू कापली म्हणूनच पुढचं गणित उभं राहतं.

`a` चं एकक प्रति सेकंद. त्याचा व्यस्त म्हणजे टाइम कॉन्स्टंट, टाऊ. आपल्या सर्किटमध्ये टाऊ म्हणजे `R` गुणिले `C`: १० किलोओहम गुणिले ०.१ मायक्रोफॅरड, बरोबर १ मिलिसेकंद. म्हणून `a` झाला १००० प्रति सेकंद. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

## २. इंटिग्रल स्वतः सोडवा

`u(t)` मुळे खालची मर्यादा शून्य होते:

```
X(ω) = ∫[0..∞] e^(-at) e^(-jωt) dt
     = ∫[0..∞] e^(-(a+jω)t) dt
     = 1 / (a + jω)
```

इथं थांबून एक गोष्ट स्वतःला विचारायची: वरची मर्यादा घातल्यावर शून्य कशावरून आलं? `e^(-jωt)` कधीच मरत नाही, तो एक लांबीचा बाण नुसता फिरत राहतो. मरतो तो `e^(-at)`, आणि तोही `a` धन आहे म्हणूनच. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारतात आणि "अनंताला घातांकी शून्य होतं" एवढ्या उत्तरावर भागत नाही.

## ३. मॅग्निट्यूड काढा, आणि घंटेवरच्या तीन जागा ओळखा

छेदात `a + jω` ही कॉम्प्लेक्स संख्या आहे. काटकोन त्रिकोण काढा, आडवी बाजू `a`, उभी बाजू `ω`. कर्ण म्हणजे मॅग्निट्यूड, कोन म्हणजे फेज. सगळं उलटं छेदात असल्यामुळे:

```
|X(ω)| = 1 / √(a² + ω²)
∠X(ω)  = -arctan(ω/a)
```

नेहमीची चूक अशी की `a + jω` चा सरळ वर्ग करून `a² - ω²` लिहिलं जातं. मग `ω` आणि `a` सारखे झाले की छेद शून्य, आणि आलेखात भलतंच टोक उभं राहतं. मॅग्निट्यूडसाठी संख्येला तिच्या कॉन्जुगेटने गुणायचं असतं, म्हणून मधलं चिन्ह अधिकच.

आता हा आलेख सरळ अक्षांवर काढला, धन आणि ऋण दोन्ही फ्रिक्वेन्सी धरून, की घंटा दिसते. मध्ये गोलसर माथा, दोन्ही बाजूंना सारखा उतार. सिग्नल एकतर्फी आहे तरी घंटा दोन्ही बाजूंना सारखी कशी, हे कोडं पहिल्यांदा सगळ्यांनाच पडतं. सिग्नल वास्तव संख्यांचा असला की त्याचं मॅग्निट्यूड शून्याभोवती सममित असतंच. एकतर्फीपणा फेजमध्ये दिसतो. फेज शून्यातून जाते, एका बाजूला उणे ९० अंशांकडे आणि दुसऱ्या बाजूला अधिक ९० अंशांकडे.

घंटेवरच्या तीन जागा आपल्या `a = 1000` साठी अशा:

| कुठे | ω | फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ) | माथ्याच्या किती पट | फेज |
|---|---|---|---|---|
| माथा | ० | ० | १ | ०° |
| कोपरा | a | १५९.२ | ०.७०७ | −४५° |
| अर्धी उंची | √३ a | २७५.७ | ०.५ | −६०° |

माथ्याची उंची `1/a`, म्हणजे ०.००१. एकक विसरू नका: सिग्नल व्होल्टमध्ये असेल तर ट्रान्सफॉर्म व्होल्ट-सेकंदात येतं. १ व्होल्टपासून सुरू होणाऱ्या आपल्या सिग्नलचा माथा ०.००१ व्होल्ट-सेकंद. त्या सिग्नलखालचं क्षेत्रफळही नेमकं तेवढंच असतं, कारण शून्य फ्रिक्वेन्सीला ट्रान्सफॉर्म म्हणजे नुसती बेरीज.

"आकडा जुळंना" या तक्रारीतली निम्मी प्रकरणं या तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळींत मिटतात. पोरं घंटा काढतात, तिच्या अर्ध्या उंचीवर पट्टी धरतात, तिथली फ्रिक्वेन्सी वाचतात आणि तिलाच `a/2π` समजून टाऊ काढतात. २७५.७ हर्ट्झवरून टाऊ येतो ०.५७७ मिलिसेकंद, आणि मग रेझिस्टर खराब आहे का, कपॅसिटर खोटा आहे का, याचा शोध सुरू होतो. दोन्ही ठणठणीत असतात. मॅग्निट्यूडच्या आलेखात `a` वाचायचा तो माथ्याच्या ०.७०७ पटीवर. अर्ध्या उंचीवर वाचायचा असेल तर आधी मॅग्निट्यूडचा वर्ग करा:

```
|X(ω)|² = 1 / (a² + ω²)
```

याची अर्धी उंची बरोबर `ω = a` ला येते. या वर्गाच्या वक्राला लोरेन्झियन म्हणतात, आणि भौतिकशास्त्रवाले "अर्ध्या उंचीवरची रुंदी" म्हणतात ती या वक्राची: पूर्ण रुंदी `2a`, आपल्याकडे ३१८ हर्ट्झ. वर्ग न केलेल्या घंटेची तीच रुंदी ५५१ हर्ट्झ भरते. तुमच्याकडे मागितलेलं आणि तुम्ही काढलेलं एकच आहे ना, एवढं आधी बघा. उत्तर १.७३ पटीने चुकलेलं दिसलं की संशय इथंच घ्यायचा, कारण १.७३ म्हणजे √३.

## ४. ही गॉसची घंटा नव्हे

घंटेचा आकार दिसला की लगेच "नॉर्मल कर्व्ह" म्हणायचा मोह होतो. माथ्याजवळ दोन्ही दिसतात सारख्याच. फरक कडेला आहे. देवळातली घंटा खालच्या काठाला कशी बाहेर वळलेली असते, तसा आपल्या वक्राचा काठ दूरपर्यंत पसरतो. गॉसचा वक्र पटकन तळाला टेकतो.

आकड्यात बघा. कोपऱ्याच्या दहापट फ्रिक्वेन्सीला, म्हणजे १५९२ हर्ट्झला, आपली घंटा अजून माथ्याच्या ०.०९९५ पट आहे, जवळजवळ एक दशांश. तेवढीच अर्धी रुंदी असलेला गॉसचा वक्र त्याच जागी माथ्याच्या एक अब्जांशाच्याही खाली गेलेला असतो. सरळ अक्षांच्या आलेखात हे डोळ्यांना तितकंसं जाणवत नाही. म्हणून एकदा दोन्ही अक्ष लॉग करून बघाच. तिथं घंटा गायब होते: आधी सपाट पठार, मग दर दशकाला २० डेसिबलने उतरणारी सरळ रेष. बोडे प्लॉट म्हणून तुम्ही जो काढता तो हाच वक्र, फक्त अक्ष बदललेले.

काठ इतका लांब का? शून्य सेकंदाच्या उडीमुळे. शून्यावरून एकावर क्षणात जायचं तर फार वरच्या फ्रिक्वेन्सी लागतातच, आणि अशी उडी असलेल्या सिग्नलचा स्पेक्ट्रम दूरवर `1/ω` ने उतरतो. उडी काढून टाका, म्हणजे मागच्या बाजूलाही तोच घसरता वक्र आरशासारखा जोडा, की `e^(-a|t|)` मिळतो. त्याचं ट्रान्सफॉर्म `2a/(a² + ω²)`, आणि तो काठाला `1/ω²` ने उतरतो. परीक्षेत या दोन उत्तरांची अदलाबदल सर्रास होते. कोणतं कुणाचं ते आठवेना, तर उडी आहे का एवढं बघा.

हा लांब काठ नुसता पुस्तकी मुद्दा नाही. पुढच्या पायरीतला सगळा त्रास त्याच्यामुळेच होतो.

## ५. पायथॉनमध्ये तीच घंटा काढा

सर्किटला हात लावायच्या आधी बनवलेल्या आकड्यांवर एफएफटी करून बघा. इथं सूत्राशी जुळलं नाही तर स्कोपच्या आकड्यांवर कधीच जुळणार नाही.

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

a, dt, N = 1000.0, 1e-5, 10000
t = np.arange(N) * dt
x = np.exp(-a * t)
x[0] *= 0.5

X = np.fft.fftshift(np.fft.fft(x)) * dt
f = np.fft.fftshift(np.fft.fftfreq(N, dt))
H = 1 / (a + 2j * np.pi * f)

plt.plot(f, abs(X), f, abs(H), '--')
plt.xlim(-2000, 2000)
plt.show()
```

दोन रेषा एकावर एक बसायला हव्यात. यातल्या तीन गोष्टी गाळल्या की बसत नाहीत.

पहिली, शेवटचा `* dt`. एफएफटी फक्त बेरीज करते, इंटिग्रल नाही. `dt` ने गुणलं नाही तर माथा ०.००१ ऐवजी १०० च्या आसपास दिसतो. दुसरी, `fftshift`. ते नसेल तर घंटा मधोमध चिरल्यासारखी दिसते, अर्धी डाव्या कडेला आणि अर्धी उजव्या. आकडे बरोबर असतात, फक्त ऋण फ्रिक्वेन्सी शेवटी गेलेल्या असतात. ही दोन्ही लगेच लक्षात येतात.

तिसरी सहज दिसत नाही: `x[0] *= 0.5`. पहिला नमुना अर्धा का करायचा? उडीच्या क्षणी सिग्नलची किंमत शून्य धरायची की एक, हा प्रश्न आहे. उलटं ट्रान्सफॉर्म घेतलं तर त्या क्षणी दोन्हींचा मध्य, म्हणजे अर्धा, मिळतो. बेरजेच्या बाजूने बघितलं तर ट्रॅपेझॉइडल नियमात टोकाचा नमुना अर्धाच धरतात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

फरक किती पडतो ते `dt` जाडं केल्यावर दिसतं. `dt` ०.१ मिलिसेकंद ठेवा (`dt, N = 1e-4, 1000`) आणि अर्ध्याची ओळ काढून टाका. माथा ०.००१०५१ येतो, पाच टक्के जास्त. ओळ परत घाला, ०.००१०००८ येतो. वरच्या कोडमधल्या बारीक `dt` ला ही चूक अर्धाच टक्का असते, म्हणून पुष्कळांना ती कळतही नाही.

मात्र या युक्तीने सगळं सुधारत नाही. नमुने घेण्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीजवळ, नायक्विस्टपाशी, लांब काठ दुमडून परत आत येतो. त्याच जाड `dt` ला नायक्विस्ट ५००० हर्ट्झ आहे. तिथं खरं मॅग्निट्यूड माथ्याच्या ०.०३१८ पट. पहिला नमुना पूर्ण ठेवला तर एफएफटी ०.०५२५ सांगते, अर्धा केला तर ०.००२५. एक वर, एक खाली, दोन्ही खोटे. `dt` दहा मायक्रोसेकंद केला की ५००० हर्ट्झला चूक एका टक्क्याच्या आत येते, कारण आता नायक्विस्ट ५० किलोहर्ट्झवर गेला. माझा नियम साधा आहे: जिथपर्यंतचे आकडे वापरायचे, त्याच्या दहापट नायक्विस्ट ठेवायचा. अँटी-अलायझिंग फिल्टर लावा असं कुणी सुचवेल, पण तो फिल्टर उडीलाच गोल करतो, मग मोजता ते तुमच्या सिग्नलचं ट्रान्सफॉर्म राहत नाही.

## ६. नोंद किती लांब घ्यायची

एफएफटीच्या दोन शेजारच्या बिंदूंमधलं अंतर `1/T`, जिथं `T` ही नोंदीची एकूण लांबी. "पाच टाऊमध्ये कपॅसिटर रिकामा होतो" हे वाक्य सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, म्हणून नोंद ५ मिलिसेकंद घेतली जाते. सिग्नल तोवर खरंच ०.७ टक्क्यावर आलेला असतो. पण बिंदूंमधलं अंतर झालं २०० हर्ट्झ, आणि आपला कोपरा १५९ वर! घंटेचा माथा आणि कोपरा यांच्यामध्ये एकही बिंदू नाही. मग जी आकृती येते तिला तंबू म्हणावं लागेल. वरच्या कोडमध्ये नोंद १०० मिलिसेकंद आहे, अंतर १० हर्ट्झ, म्हणून घंटा गुळगुळीत.

नोंद लवकर कापली तर काय होतं हे जरा खोलात बघण्यासारखं आहे. `T` ला कापलेल्या सिग्नलचं ट्रान्सफॉर्म असं:

```
X_T(ω) = (1 - e^(-(a+jω)T)) / (a + jω)
```

समजा एकाच टाऊनंतर कापलं. वरचा कंस ०.६३ ते १.३७ यांच्यामध्ये हेलकावे खातो, म्हणजे घंटेवर ठळक लाटा यायला हव्यात. एफएफटी मात्र लाटा दाखवतच नाही. तिचे बिंदू `1/T` च्या पटीत असतात, तिथं `e^(-jωT)` प्रत्येक वेळी बरोबर एक होतो, आणि कंस सगळीकडे ०.६३२. तुम्हाला दिसतं ते सूत्राशी आकाराने जुळणारं, पण सगळीकडे ३७ टक्के बुटकं मॅग्निट्यूड. लाटा बघायच्या तर नमुन्यांच्या मागे शून्यं जोडून एफएफटी घ्या, उदाहरणार्थ `np.fft.fft(x, 16*N)`. शून्यं जोडल्यावर लाटा उठल्या तर नोंद आखूड आहे. उठल्या नाहीत तर नोंद पुरेशी आहे आणि गुळगुळीत आलेख फुकटात मिळाला.

लाटा दिसल्या म्हणून हॅनिंगसारखी विंडो लावायची नाही. ती विंडो नोंदीच्या सुरुवातीला शून्य असते, आणि आपला सगळा जीव सुरुवातीलाच आहे. उडीच खाऊन टाकेल. इथं औषध एकच, नोंद लांब घेणं.

## ७. सर्किट जोडा: व्होल्टेज रेझिस्टरवर मोजा, कपॅसिटरवर नको

बहुतेक जण कपॅसिटर चार्ज करतात, डिस्चार्ज करतात आणि कपॅसिटरच्या दोन टोकांवर प्रोब लावतात. घसरता वक्र छान येतो, पण तो एकतर्फी नसतो. घसरण सुरू व्हायच्या आधी कपॅसिटरवर पूर्ण व्होल्टेज असतं, शून्य नसतं. मग फाइल नेमकी त्या क्षणापासून कापावी लागते, आणि कापायचं चुकलं की मागचं पठार आत येतं.

त्यापेक्षा जागा बदला. जनरेटरचं लाल टोक कपॅसिटरला, कपॅसिटरचं दुसरं टोक रेझिस्टरला, रेझिस्टरचं दुसरं टोक ग्राउंडला, आणि प्रोब रेझिस्टरवर. जनरेटरवर १० हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह, ५ व्होल्ट पीक-टू-पीक. चढत्या कडेला रेझिस्टरवर शून्यावरून ५ व्होल्टवर उडी, मग १ मिलिसेकंद टाऊने घसरण. आधी खरोखर शून्य. पाहिजे तोच सिग्नल मिळाला. ५० मिलिसेकंदांनी उतरती कडा येते आणि ऋण बाजूला तसाच वक्र देते; तो आपल्याला नको.

जोडताना चार गोष्टी तपासा:

- स्कोपचं कपलिंग डीसी ठेवा. एसी ठेवलं तर स्कोपच्या आतला कपॅसिटरही मध्ये येतो आणि वक्राची शेपटी शून्याच्या खाली जाते.
- प्रोब दहापटीच्या खुणेवर ठेवा. एकपटीवर त्याचा रोध १ मेगाओहम असतो. १० किलोओहमच्या समांतर तो एकच टक्का फरक पाडतो, पण कुणी १ मेगाओहमचा रेझिस्टर घेऊन हाच प्रयोग केला तर टाऊ थेट निम्मा होतो.
- उडी ५ ऐवजी १० व्होल्टची दिसली तर घाबरू नका. अनेक जनरेटर ५० ओहमचा लोड गृहीत धरून आकडा दाखवतात. जनरेटरची लोड सेटिंग बदला.
- ट्रिगर चढत्या कडेवर. शून्याची रेष पडद्यावर खाली आणा, ऋण टोक पडद्याबाहेर गेलं तरी चालेल.

फाइलमध्ये उडीच्या आधीची थोडी शून्यं राहिली तर मॅग्निट्यूड बदलत नाही, फक्त फेजमध्ये एक सरळ उतार मिळतो. उडीच्या नंतर कापलं मात्र माथा बुटका होतो. म्हणून शंका असेल तर कापायचं ते आधीच.

## ८. ऑफसेट काढा, नाहीतर घंटेला शेंडी येते

मध्यभागी, बरोबर शून्य हर्ट्झवर, एकच बिंदू वर किंवा खाली उडालेला दिसतो. ही शेंडी स्कोपच्या ऑफसेटची. समजा स्कोप सगळीकडे २० मिलिव्होल्ट जास्त दाखवतोय. पडद्यावर ते दिसणारही नाही: आठ बिटांच्या स्कोपवर दर चौकोनाला १ व्होल्ट आणि उभे आठ चौकोन धरले तर एक पायरीच ३१ मिलिव्होल्टची. पण एफएफटी शून्याला सगळ्यांची बेरीज घेते. २० मिलिसेकंदांच्या नोंदीत २० मिलिव्होल्ट म्हणजे ०.०००४ व्होल्ट-सेकंद, आणि ५ व्होल्टच्या उडीचा खरा माथा ०.००५. आठ टक्के चूक, तीही फक्त एका बिंदूवर. नोंद लांबवली तर ही चूक वाढते, कमी होत नाही.

उपाय सोपा. दहा टाऊनंतर सिग्नल मेलेला असतो, तिथली सरासरी म्हणजेच ऑफसेट. ती सगळ्यातून वजा करा:

```python
t, v = np.loadtxt('cr.csv', delimiter=',',
                  skiprows=2, unpack=True)
dt = (t[-1] - t[0]) / (len(t) - 1)
v = v - v[(t > 0.010) & (t < 0.020)].mean()
v = v[(t >= 0) & (t < 0.020)]

X = np.fft.rfft(v) * dt
f = np.fft.rfftfreq(len(v), dt)
```

`skiprows` तुमच्या स्कोपच्या फाइलमध्ये वर किती ओळी मजकूर आहे त्याप्रमाणे बदला. `dt` पहिल्या दोन वेळांच्या वजाबाकीतून काढू नका. फाइलमध्ये वेळ गोळाबेरीज करून लिहिलेली असली तर तिथंच फ्रिक्वेन्सीचा अक्ष चुकतो. पूर्ण नोंदीवरून काढलेला `dt` सुरक्षित. खऱ्या उडीची वेळ दोन नमुन्यांच्या मध्ये कुठंही असू शकते, त्यामुळे इथं पहिला नमुना अर्धा करण्यात फारसा अर्थ नाही. १० मायक्रोसेकंदांच्या `dt` ला ती चूक अर्ध्या टक्क्याची, आणि पुढच्या पायरीत तीही जवळजवळ कटून जाते.

## ९. घंटेवरून `a` वाचू नका, सरळ रेष करा

गोल माथ्याच्या वक्रावर ०.७०७ ची जागा पट्टीने शोधणं म्हणजे अंदाजपंचे काम. माथाच आठ टक्के चुकलेला असेल तर त्याची ०.७०७ पटही चुकते. त्यापेक्षा वर्ग करून उलटा करा. उडी `V` व्होल्टची असेल तर:

```
1/|X|² = (a² + ω²) / V²
```

आडव्या अक्षावर `ω²`, उभ्यावर `1/|X|²`. घंटेची सरळ रेष होते. तिचा उतार `1/V²`, उभ्या अक्षावरचा छेद `a²/V²`. छेदाला उताराने भागलं की `V` उडून जातो आणि `a²` उरतो. व्होल्टेजचा आकडा, `dt` चा गुणक, प्रोबची दहापट, यांपैकी काहीही चुकलेलं असलं तरी `a` बरोबर येतो.

```python
w = 2 * np.pi * f
ok = (f > 0) & (f <= 500)
m, c = np.polyfit(w[ok]**2, 1/abs(X[ok])**2, 1)
a = (c / m) ** 0.5
print(a, 1000/a)
```

`f > 0` मुळे शेंडीचा बिंदू बाहेर राहतो. ५०० हर्ट्झची मर्यादाही मुद्दाम आहे. वरच्या फ्रिक्वेन्सीला `|X|` लहान होत जातो, त्याचा उलटा वर्ग प्रचंड होतो आणि त्याच्यासोबत गोंगाटही. छेद ठरवायला लागणारी माहिती सगळी खालच्या टोकाला असते, पण लांबचे मोठे बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतात. मर्यादा ५००० करून एकदा चालवून बघा, `a` दर नोंदीला वेगळा येईल. स्कोपवर ६४ नोंदींचं ॲव्हरेजिंग लावलं तर ५०० च्या आत आकडा बराच स्थिर राहतो.

आदर्श आकडे असे: ५ व्होल्टच्या उडीला उतार ०.०४, छेद ४०,०००, भागाकार दहा लाख, `a` १०००. तुमचा नेमका हजार येणार नाही. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असतो. कपॅसिटर दहा टक्क्यांचा धरला तर टाऊ ०.८५५ ते १.१५५ मिलिसेकंदांपर्यंत कुठंही असू शकतो, म्हणजे कोपरा १३८ ते १८६ हर्ट्झ. जनरेटरचे ५० ओहम टाऊमध्ये अर्धा टक्का भर घालतात. रेझिस्टर मल्टिमीटरवर आधी मोजून ठेवलात तर उरलेला फरक कपॅसिटरचा, आणि जर्नलमध्ये तसंच लिहा. उत्तर या पट्ट्याच्या बाहेर गेलं तर आधी रेषेकडे बघा. बिंदू रेषेवर नीट बसलेत आणि तरी उत्तर दूर आहे, तर पार्ट चुकीचा लागलाय. बिंदूंना बाक आलाय, तर सिग्नलमध्ये एकापेक्षा जास्त टाऊ आहेत, किंवा कपलिंग अजून एसीवरच आहे.